झाकणाखालचे पाच लिटर

काकूंच्या गाईनं एकदा सहा दिवस दूध दिलं नव्हतं म्हणे, कारण शेजारणीचा रेडिओ बिघडला होता आणि बातम्या कानावर पडल्याशिवाय गाईला पान्हाच फुटत नसे. मग काय करता? काकूंनी स्वतः कासेशी बसून बातम्या सांगितल्या, हवामानासकट. सातव्या दिवशी गाईनं मान वळवून विचारलं, "आणि खेळाचं काय झालं?"

हे काकू डेअरीच्या ओट्यावर बसून सांगायच्या, अगदी शपथेवर. दूध घालायला आलेले तिसेक लोक पोट धरून हसायचे, आणि आत टाकीजवळ उभे असलेले काका मान न वळवता म्हणायचे, "अगं, त्या गाईला तरी सोड."

काका म्हणजे काकूंचे यजमान. त्यांना सगळे घड्याळकाका म्हणायचे. डेअरी एवढीशी, पुढे दूध घ्यायचा ओटा, मधे पांढऱ्या फरशीची खोली, बाजूला ऑफिस आणि लॅब, मागे ट्रक लागायची जागा. त्या मधल्या खोलीत पाचशे लिटरची दुहेरी भिंतीची स्टीलची टाकी होती. भिंतींच्या मधून गरम पाणी फिरायचं, आत पंखा दूध ढवळत राहायचा. दूध त्रेसष्ट अंशांवर गेलं की काका घड्याळ बघायचे आणि तिथून पुढे तीस मिनिटं ते आणि टाकी, दोघंच जगात. बाजूच्या यंत्रातल्या गोल कागदावर एक पेन आपोआप तपमानाची रेघ ओढायचं. एकतीस वर्षांत त्या रेघेला कधी खळी पडली नव्हती.

"उकळत का नाही सरळ? घरी उकळतोच की," असं कोणी नव्या माणसानं विचारलं की काका खूष व्हायचे.

"घरी उकळावंच. इथे उकळलं तर चव जाते, साय बसते, आणि गरजही नाही. त्रेसष्टला अर्धा तास धरलं की जे मरायला हवं ते मरतं. आंबवणारे बारीकसारीक उरतात, म्हणून लगेच थंड करायचं. मोठ्या डेअरीत बहात्तर अंशांवर पंधराच सेकंद धरतात, पातळ पत्र्यांच्या मधून दूध पळवत. कमी तापलं तर तिथला व्हॉल्व्ह आपणहून दूध मागे ढकलतो."

मॅनेजरला तसलं यंत्र घ्यायचं होतं. त्याची रंगीत चित्रं त्यानं ऑफिसात लावली होती. काका त्या चित्रांकडे सवत बघावी तसे बघायचे.

काकांच्या गळ्याला, कानाच्या खाली, एक जुना चुरगळलेला व्रण होता. त्याबद्दल काकूंनी आजवर गावाला अकरा गोष्टी सांगितल्या होत्या. वाघाच्या, दरोडेखोराच्या, एका पैलवानाच्या मत्सरी बायकोच्या. खरं कारण कोणी विचारलंच तर काका दोन वाक्यांत सांगायचे. सहा वर्षांचे असताना मामाकडे रोज धारेखाली पेला धरून कच्चं दूध प्यायचे. गाय दिसायला झकास, फक्त खोकायची. त्या दुधातून क्षय अंगात गेला, मानेत गाठी आल्या, गंडमाळ झाली, फुटली, आणि वर्षभर खाटेवर काढावं लागलं. "हा अर्ध्या तासाचा हिशेब आधी त्या क्षयाच्या जंतूला धरूनच बांधलाय," ते म्हणायचे. "तो चिवट. तो मेला की बाकीचे त्याच्या आधी गेलेले असतात."

तर असा हा माणूस, आणि त्याच्या बायकोनं त्या दिवशी काय केलं, ते ऐका.

काकूंची नात, चिमणी म्हणायचे तिला, झाडावरून पडून मांडीचं हाड मोडून बसली होती. मुलांच्या हॉस्पिटलात पाय वर टांगून तिसरा आठवडा चालू होता. त्या हॉस्पिटलात दूध जायचं ते याच डेअरीचं, रोज सकाळी साडेनऊच्या ट्रकनं. त्यामुळे काकूंनी मनाशी एक पक्कं केलं होतं. आपल्या ढवळीचं दूध रोज टाकीत पडलं पाहिजे. पाचशे लिटरांत पाच लिटर, म्हणजे चिमणीच्या पेल्यात चमचाभर तरी आजीच्या गाईचं असणार. हाड जुळेल तर त्या चमच्यानं, बाकीचं दूध नुसतं सोबतीला.

ओटा सात वाजता बंद व्हायचा. त्या सकाळी काकू पोचल्या सव्वासातला.

"काकू, नाही हो घेता येणार," लॅबवाली म्हणाली. ही तिशीतली, चष्म्याची, काकूंची भारी लाडकी. "टाकी भरली, गरम व्हायला लागली."

"अगं, वाटेत काय झालं माहितीय का? एक बदक..."

"बदक उद्या ऐकते. उद्या लवकर या."

आता मुकाट घरी जावं की नाही? पण काकूंना पेल्यातला तो चमचा दिसत होता. त्या पाच लिटरची किटली पदराआड घेऊन मधल्या खोलीच्या दारात पायरीवर बसून राहिल्या. काका घड्याळ बघत उभे. सव्वीस मिनिटं झाली. सत्तावीस झाली.

"अहो," काकू म्हणाल्या, "मॅनेजर म्हणत होते, तुमचा चष्मा ऑफिसात राहिलाय आणि कोणीतरी त्यावर बसलंय."

काकांचा जवळचा चष्मा म्हणजे चार्टवर, त्या गोल कागदावर, सही करायचा चष्मा. त्यांनी खिसा चाचपला. चष्मा तिथेच होता, पण तो लांबचा की जवळचा हे ठरवायला ते बिचारे ऑफिसच्या दारापर्यंत गेले. सात पावलं. तेवढ्यात काकूंनी टाकीच्या झाकणाची खिडकी उचलली, किटली उपडी केली आणि खिडकी लावून परत पायरीवर. दूध कोमट होतं, टाकी चौसष्टच्या वर होती, त्यामुळे पेन जरासुद्धा ढळलं नाही. काका परत आले, तीन मिनिटं मोजली, घंटी वाजवली आणि दूध थंड करायला सोडलं.

काकू पायरीवर बसून हसत होत्या. झाली की नाही फत्ते!

नऊच्या सुमाराला बारा कॅन भरून ट्रकजवळ गेले. काकू ड्रायव्हरला बदकाची गोष्ट सांगत होत्या, तेवढ्यात लॅबवाली बाहेर आली. हातात काचेची बारीक नळी. चेहरा वेगळाच.

"काकू, जरा इकडे या. बसा. घाबरू नका."

घाबरू नका म्हटलं की माणूस काय करतं ते सगळ्यांना माहिती आहे.

"काल मी सगळ्यांच्या दुधाचे नमुने घेतले होते ना? त्यात एक निळा थेंब घालून तास-दीड तास कोमट ठेवतात. साय वर येते. गाय चांगली असेल तर साय पांढरी आणि खालचं दूध निळसर. आणि गाईला तो गर्भ पडायचा आजार झालेला असेल तर निळा रंग सायीबरोबर वर चढतो. हे तुमच्या ढवळीचं."

नळीत खाली पांढरं दूध होतं आणि वर, सायीत, निळी कडी. अगदी सुबक, बांगडीसारखी.

"ढवळी मधे गाभडली होती का हो?"

काकूंनी तीन आठवड्यांपूर्वी सगळ्यांना सांगितलं होतं की ढवळीचं वासरू जन्मताच उठून पळून गेलं, सैन्यात भरती व्हायला. ओट्यावर केवढे हसले होते लोक. खरं म्हणजे सातव्या महिन्यात ते मेलेलंच पडलं होतं. काकूंनी ते स्वतःच्या हातांनी ओढून काढलं होतं आणि रात्रभर ढवळीच्या पाठीवर हात फिरवत बसल्या होत्या. ते कशाला सांगायचं? त्यात हसण्यासारखं काय होतं?

"गाभडली," काकू म्हणाल्या.

"मग रक्त तपासायला हवं, तिचं. नळी नुसती शंका सांगते, पक्कं रक्तावरून कळतं. हा आजार कच्च्या दुधातून माणसाला होतो. ताप येतो आणि जातो, परत येतो, घामानं गाद्या भिजतात, सांधे धरतात, महिनोन्महिने पाठ सोडत नाही. काल-परवाचं दूध काकांच्या टाकीतून गेलंय, त्याची काळजी नाही. आणि आजचं..." लॅबवालीनं काकूंच्या खांद्यावर हात ठेवला. "आजचं तर नशिबानं घेतलंच नाही आपण."

काकूंनी ट्रककडे पाहिलं. बारा कॅन. तीन मिनिटं. चिमणीचा पेला, आणि त्या चिमणीच्या आजूबाजूच्या चाळीस खाटांवरचे चाळीस पेले.

"घेतलंय," काकू म्हणाल्या. "मी ओतलं. टाकीत. तीन मिनिटं राहिली होती तेव्हा."

लॅबवाली आधी थांबली. मग हसली, मायेनं. "काकू, तुम्ही म्हणजे ना! मी इथे गंभीर बोलतेय."

"अगं खरंच ओतलं!"

"काकांच्या टाकीत? काकांच्या समोर?" आणि ती नळी घेऊन आत गेली, कारण तिला अजून चार नमुने बघायचे होते.

काकू धावल्या. साठीला धावतात तशा, एका हातात रिकामी किटली. आधी ड्रायव्हर. तो कॅन दोरीनं बांधत होता.

"अरे, नेऊ नकोस हे. ह्यात कच्चं दूध पडलंय."

"कोणी पाडलं? बदकानं?"

"मी! ही बघ रिकामी किटली!"

"चहावाल्याला विकलंत ना वाटेत? उशीर झाला की नेहमी तेच करता." त्यानं दोरीची गाठ आवळली. "काकू, तुम्ही नसता तर ही नोकरी मी कधीच सोडली असती, खरं सांगतो."

मग मॅनेजर. तो म्हणाला, "काकू, नंतर." मग राहिले काका. टाकी धूत होते, गमबूट घालून, हातात नळी.

"अहो, ऐका. चष्म्याचं मी खोटं सांगितलं. तुम्ही दारापर्यंत गेलात तेव्हा मी झाकण उघडून ढवळीचं दूध आत ओतलं."

काकांनी पाणी बंद केलं. चार्टचा गोल कागद काढून उजेडात धरला. रेघ घसरली नव्हती, कुठे खळी नव्हती.

"हे बघ," ते म्हणाले. "कागद खोटं बोलत नाही."

"आणि मी बोलते?"

काकांनी कागद परत उजेडात धरला. चाळीस वर्षांचा संसार होता, काय म्हणणार? वाघ, दरोडेखोर आणि पैलवानाची बायको सगळे त्या खोलीत उभे होते.

"पाच लिटरनं काटा हलत नाही हो!" काकू रडकुंडीला आल्या. "पाचशेत पाच!"

"अगं, झाकणाच्या आतली हवासुद्धा मी वेगळी तापवतो. फेस थंड राहतो म्हणून. त्या टाकीत माझ्या नकळत माशी जात नाही. तू किटली ओतलीस म्हणतेस? जा, घरी जाऊन पड जरा. ढवळीचं ऐकलं मी. तुझ्या जिवाला लागलंय ते." आणि हे त्यांनी इतक्या हळुवारपणे म्हटलं, की काकूंना वाटलं ह्यांनी ओरडलेलं परवडलं असतं.

नऊ वाजून बारा मिनिटं.

काकू मागच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. आयुष्यभर खोटं सांगितलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. आज एक खरं सांगायला निघाल्या, तर कोणी घ्यायला तयार नाही. ओरडून सांगितलं, हात जोडून सांगितलं, रिकामी किटली दाखवली. आणखी काय करायचं? ट्रकसमोर आडवं पडायचं? ड्रायव्हर हसत उचलून बाजूला ठेवील.

तेव्हा काकूंना आठवलं की त्यांना एक कला येते.

त्या ट्रकच्या पुढच्या बाजूला गेल्या. ओरडल्या नाहीत. उलट इकडेतिकडे बघून आवाज इतका खाली आणला की ड्रायव्हरला वाकावं लागलं.

"तुला म्हणून सांगते. माझं नाव घेऊ नकोस. कोपऱ्यावर पांढरी गाडी थांबलीय. दोन माणसं. एकाच्या हातात बर्फाची पेटी. चहावाल्याला आपल्या डेअरीचा रस्ता विचारत होते."

"सरकारी तपासनीस?"

"मी काही म्हटलं नाही," काकू म्हणाल्या आणि दोन पावलं मागे सरल्या. "चहा पितायत अजून. दुसरा कप मागवलाय."

तो दुसरा कप कामाला आला. ड्रायव्हर दोरी तशीच टाकून ऑफिसात गेला. काकूंनी मनातल्या मनात वीस मोजले. सतराव्याला मॅनेजर बाहेर आला, केसांवरून हात फिरवत.

"ट्रक सोडू नका! आजच्या टाकीची नळी वाचल्याशिवाय एक कॅन हलणार नाही! लॅब! लॅब!"

त्या नळीचं असं असतं. दूध तापवून झालं की लॅबवाली थोडं काढून एका रंगहीन औषधात घालून कोमट पाण्यात ठेवते. कच्च्या दुधात एक पाचक द्रव्य असतं, ते नीट तापवलं की मरतं. ते क्षयाच्या जंतूपेक्षाही जरा चिवट, म्हणजे ते मेलं तर जंतूही मेलेच. ते मेलं असेल तर नळी पांढरी राहते. जिवंत उरलं असेल, अगदी हजारात एक भाग कच्चं दूध मिसळलं असेल, तरी नळी पिवळी होते. पक्का निकाल दोन तासांनी, म्हणजे रोज ट्रक जाऊन दूध पोरांच्या पोटात गेल्यावर. एकतीस वर्षं नळी पांढरीच निघाली, त्यामुळे घाईनं बघायची सवयच राहिली नव्हती. चार्ट सरळ आहे ना? मग सोडा.

सगळे लॅबच्या दारात गोळा झाले. काकासुद्धा गमबूट न काढता आले. लॅबवालीनं पाण्यातून दोन नळ्या उचलल्या. एकीत ताडून बघायला मुद्दाम उकळलेलं दूध. ती पांढरी. दुसरी तिनं खिडकीशी धरली.

तासही झाला नव्हता, आणि नळी पिवळी झाली होती. फिकट नाही. सूर्यफुलासारखी.

"परत करते," लॅबवाली म्हणाली. "माझं काही चुकलं असेल." पण त्याच श्वासात तिनं मान वळवून दारातल्या काकूंकडे, आणि काकूंच्या हातातल्या किटलीकडे पाहिलं. "काकू... तुम्ही खरंच?"

"मघापासून काय बोंबलतेय मी?"

मॅनेजर म्हणाला, "पण चार्ट..."

"चार्ट काटा कुठे होता ते सांगतो," काका म्हणाले. "झाकण कोणी उघडलं ते नाही सांगत." त्यांचा चेहरा काकूंना बघवेना. एकतीस वर्षांची सरळ रेघ, आणि ती पुसणारी कोण, तर घरची. काकांनी नुसतं विचारलं, "किती मिनिटं राहिली होती म्हणालीस?"

"तीन."

"तीन," काका म्हणाले, आणि त्यांचा हात आपोआप कानाखालच्या व्रणाकडे गेला. तिथेच थोडा वेळ राहिला. मग ते वळले. "कॅन आत आणा. सगळे. टाकी अजून ओली आहे, गरम पाण्यानं परत काढून घेतो. हॉस्पिटलला फोन करा, दूध दोन तास उशिरा येईल. पण येईल."

आणि मग जी धावपळ झाली! ड्रायव्हरनं बाराही कॅन परत उतरवले. वाटेत दोनदा म्हणाला, "काकू, तुम्ही आधी का नाही सांगितलं?" आणि दोन्ही वेळा स्वतःच जीभ चावली. मॅनेजर पांढरा कोट चढवून दाराशी तपासनिसाची वाट बघत उभा. लॅबवालीनं काकूंना साबण देऊन कोपरापर्यंत हात धुवायला लावले.

"इतके?"

"इतके. ते मेलेलं वासरू तुम्हीच हातांनी काढलं असणार ना? त्यातूनही लागतं ते. आणि सगळं गाईवरच ढकलायला नको. माझ्या आधी इथे कॅन धुणारा एक होता, धडधाकट, कधी शिंक नाही. त्याच्या पोटात टायफॉईडचे जंतू बसलेले, त्यालाच पत्ता नाही. त्याच्या हातातून कॅनमध्ये. तेव्हा शेजारच्या डेअरीनं तापवायचं यंत्र बिघडलं म्हणून आठवडाभर तसंच दूध विकलं होतं आणि कॅन धुवायला त्यालाच बोलावलं होतं. एक अख्खी गल्ली आडवी झाली." ती नखांखाली ब्रश फिरवत होती. "उद्या दवाखान्यात यायचं माझ्याबरोबर. रक्त द्यायला. तुम्ही कच्चं पिता ना?"

काकू साबणाचा फेस बघू लागल्या.

"काकू?"

"धारोष्ण," काकू म्हणाल्या. "पेलाभर. रोज. अंगात तेज येतं."

"तेज की ताप, ते उद्या बघू."

दहा वाजता टाकी परत त्रेसष्टवर आली. काकांनी नवा कागद लावला, घड्याळ बघितलं आणि काकूंना टाकीशेजारच्या स्टुलावर बसवलं.

"इथे बस. हात मांडीवर. तीस मिनिटं."

काकू बसल्या. पंखा आत गरागरा फिरत होता. टाकीला लागून ऊब येत होती. चार मिनिटं झाल्यावर त्या म्हणाल्या, "रागावलात?"

"मोजतोय."

आठव्या मिनिटाला त्या म्हणाल्या, "ढवळीचं काय होईल हो?"

काका घड्याळाकडेच बघत होते. पेन कागदावर सरकत होतं. "डॉक्टर रक्त घेतील. तोवर वेगळी बांधायची, तिचं दूध कोणाला द्यायचं नाही. रक्तात निघालं, तर शेजाऱ्यांच्या गाईंजवळ ठेवता येणार नाही तिला. खोटं कशाला सांगू?"

"नका सांगू," काकू म्हणाल्या, आणि पदरानं नाक पुसलं. "वासरू सैन्यात नाही गेलं हो. मेलेलं पडलं."

"माहितीय मला," काका म्हणाले. "गोठ्यामागचा खड्डा मीच बुजवला ना. खोल करून, चुना टाकून." मग म्हणाले, "सैन्याचं मात्र झकास होतं."

काकूंना हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकाच वेळी. काकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. घड्याळावरची नजर हलवली असती तर ते काका कसले? फक्त डावा हात मागे नेऊन त्यांनी स्टुलावरच्या काकूंचा हात धरला, आणि उरलेली मिनिटं एका हातानं मोजली.

तीस झाली. काकांनी तरीही पाच जास्त दिली. मग पहिल्या कागदावर, त्या सरळ रेघेच्या कडेला, जवळचा चष्मा लावून नीट अक्षरात लिहिलं: "सत्ताविसाव्या मिनिटाला झाकण उघडलं गेलं. कच्चं दूध, पाच लिटर. मी जागेवर नव्हतो." खाली सही.

"मी ओतलं असं लिहा की," काकू म्हणाल्या.

"टाकी माझी आहे," काका म्हणाले.

दूध गार झालं, नवी नळी पाण्यात गेली. लॅबवालीनं या वेळी ती तिथेच उभं राहून पूर्ण वेळ बघितली आणि दुपारी एकच्या पुढे म्हणाली, "पांढरी." दोन तास उशीर म्हणता म्हणता चार झाले होते. ट्रक निघाला. काकू फाटकापर्यंत त्याच्यामागे चालत गेल्या. ढवळीचं दूध चिमणीच्या पेल्यात जाणारच होतं शेवटी, चमचाभर, पण आता तापवून निघालेलं.

परत आल्या तर मॅनेजर अंगणाच्या मधोमध उभा. पांढऱ्या कोटात घामाघूम, आणि तोंड असं की बस्स.

"चार तास झाले. तपासनीस कुठेत? कोणी आलं नाही, चहावाला म्हणतो कोणी रस्ता विचारला नाही. ही पांढरी गाडी पाहिली कोणी? मला नाव हवंय!"

ड्रायव्हर नेमका ट्रक घेऊन गेलेला. काकूंनी तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच आयुष्यात त्यांना सुचेना.

"मी पाहिली," मागून आवाज आला.

काका गमबूट घालून दारात उभे होते. कान लालबुंद.

"तुम्ही?" मॅनेजर म्हणाला. काकांनी पाहिली म्हणजे ती होतीच. एकतीस वर्षांत ह्या माणसानं घड्याळसुद्धा एक मिनिट पुढे सांगितलं नव्हतं.

"हो. गाडी होती. मोठी." काकांनी घसा साफ केला. "निळी."

"पांढरी ना?"

"पांढरीच. निळसर पांढरी. तिला... तिला चाकं होती."

मॅनेजर बघत राहिला. काकूंनी डोळे मिटून घेतले. देवा, चाकं! चाळीस वर्षं शेजारी बसून ह्या माणसानं काय ऐकलं?

"त्या लोकांना दुसरीकडे बोलावणं आलं असेल," काका एका दमात म्हणाले. "पण कधीही येतील. उद्याही येतील. म्हणून उद्यापासून नळी वाचल्याशिवाय ट्रक सोडायचा नाही. रोज. हॉस्पिटलला उशिरा द्यावं लागलं तरी."

मॅनेजरला हे मात्र पटलं. तो कोटाची बटणं काढत ऑफिसात गेला.

काकू काकांजवळ आल्या. त्यांची कॉलर सारखी केली.

"निळसर पांढरी," त्या म्हणाल्या.

"मग काय सांगायला हवं होतं?"

"बर्फाची पेटी, अहो. आणि चहाचा दुसरा कप. चला घरी, शिकवते. आधी ढवळीला वेगळी बांधू."